लंडनमध्ये पास काढण्याआधी: गोव्याहून शिकायला जाणाऱ्यांसाठी झोन, भाडं आणि रात्रीच्या गाड्यांचा हिशोब

माझी मावसबहीण डिचोलीहून लंडनला शिकायला आली, तेव्हा मावशीचा पहिला फोन खोलीबद्दल होता आणि दुसरा पासबद्दल. "तिला स्टुडंट पास काढून दिलास मरे?" कदंबच्या पासावर कॉलेज केलेल्या घरात हा प्रश्न येणारच. विद्यार्थी आहे म्हणजे पास आहे, पास आहे म्हणजे स्वस्त, हे आपल्याकडे गृहीतच असतं. लंडनमध्ये ते तसं नाही. इथे विद्यार्थ्याला सवलत मिळते ती फक्त पासावर, आणि पास सगळ्यांनाच परवडतो असं नाही. आठवड्यातून तीन दिवस कॉलेजला जाणाऱ्याने सवलतीचा पास काढला, तर सवलत घेऊनही तो जास्त पैसे भरतो.

म्हणून आधी हिशोब, मग पास. खालची पावलं त्याच क्रमाने आहेत. उदाहरण बहिणीचंच घेतो: खोली पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅमला, कॉलेज मध्य लंडनमध्ये युस्टन स्क्वेअर स्टेशनाजवळ. दर मार्च 2025 मध्ये लागू झालेले, त्या वर्षीचे घेतले आहेत. ते साधारण दरवर्षी मार्चमध्ये वाढतात, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा आकडे ताजे करून घ्या. हिशोबाची रीत तीच राहते.

पाऊल 1: खोली ठरवताना झोन बघा

लंडनची रेल्वे वर्तुळांत विभागलेली आहे. मध्यभागी झोन 1, त्याभोवती 2, मग 3, असं करत बहुतेक शहर झोन 6 पर्यंत संपतं. आपल्याकडे कंडक्टर फोंडा ते पणजी किती किलोमीटर यावर तिकीट फाडतो. इथे मेट्रोचं भाडं तुम्ही किती झोन ओलांडले आणि त्यात झोन 1 आला का, यावर ठरतं. झोन 1 मध्ये शिरलात की भाडं चढतं. त्याला टाळून बाहेरच्या बाहेर गेलात तर बरंच उतरतं.

काही स्टेशनं दोन झोनांच्या सीमेवर आहेत, आणि खोली शोधणाऱ्याने ती जरूर हेरावीत. ईस्ट हॅम हे 3 आणि 4 या दोन्ही झोनांत धरलं जातं. शहराकडे जाताना ते 3 मानलं जातं, उलट दिशेला बार्किंगकडे जाताना 4. दोन्ही वेळा फायदा प्रवाशाचा. पुढचंच स्टेशन बार्किंग मात्र सरळ झोन 4 मध्ये आहे. गर्दीच्या वेळी झोन 1 ते 3 चं भाडं 3.80 पौंड, झोन 1 ते 4 चं 4.60. म्हणजे एका स्टेशनाच्या फरकाने दर फेरीला 80 पेन्स जादा. बार्किंगला खोली महिन्याला वीस पौंडांनी स्वस्त मिळाली आणि तुम्ही रोज कॉलेजला जाणार असाल, तर ती स्वस्ताई गाडीभाड्यातच जाते. खोली दाखवणारा एजंट "स्टेशन पाच मिनिटांवर" एवढंच सांगतो. झोन कुठला, हे तुम्ही विचारायचं.

बसला झोन नाहीतच. लंडनच्या लाल बसमध्ये कुठूनही कुठेही 1.75 पौंड. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पाऊल 2: पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका

विमानतळावर उतरल्यावर हातात सामान, डोळ्यांत झोप आणि समोर तिकिटाचं यंत्र. अशा वेळी माणूस आठवड्याचा सगळ्या झोनांचा पास घेऊन मोकळा होतो. झोन 1 ते 6 चा आठवड्याचा पास 81.60 पौंडांचा आहे, आणि पहिल्या आठवड्यात तुम्ही बँक, कॉलेज आणि किराणा यापलीकडे कुठेच जात नाही.

त्याऐवजी बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवा आणि आत जा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलेली परदेशी कार्डं बहुधा चालतात. पण भारतीय बँका नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी सुरुवातीला बंद ठेवतात. त्या बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू कराव्या लागतात, आणि हे काम घरूनच, भारतातला मोबाइल नंबर चालू असताना उरका. ओटीपी त्याच नंबरवर येतो. रुपे कार्डाच्या भरवशावर निघू नका. भारतीय कार्डावर प्रत्येक वेळी परकीय चलनाचा आकार लागतो, म्हणून इथलं बँक खातं उघडलं की लगेच त्या कार्डाकडे वळा.

हीथ्रोहून शहरात येणाऱ्या तीन गाड्या आहेत आणि तिन्हींत एकच कार्ड टेकवून चढता येतं. धोका इथेच आहे. हीथ्रो एक्स्प्रेस सगळ्यांत महाग, एलिझाबेथ लाइनने मध्य लंडनला तेरा-चौदा पौंड, आणि पिकॅडिली लाइनने 5.80. पाटी नीट वाचली नाही, तर कार्ड मुकाट्याने महागडं भाडं कापून घेतं. बहिणीला मी पिकॅडिली लाइनच घ्यायला लावली: हॅमरस्मिथला उतरायचं, डिस्ट्रिक्ट लाइनची अपमिन्स्टरकडे जाणारी गाडी पकडायची, थेट ईस्ट हॅम. गाडी बदलायला जिना चढावा लागत नाही. दोन मोठ्या बॅगा आणि आईने दिलेल्या लोणच्याच्या बरण्या असताना तेच महत्त्वाचं. वेळ जास्त लागतो, पण 5.80 मध्ये अख्खं लंडन आरपार होतं. हीथ्रोहून झोन 1 मार्गे जाताना वेळ कुठलीही असो, भाडं गर्दीच्या वेळेचंच लागतं. त्यामुळे स्वस्त वेळेची वाट बघत विमानतळावर बसू नका.

गॅटविकला उतरणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं: ते झोनांच्या बाहेर आहे, तरी कार्ड तिथपर्यंत चालतं. फक्त गॅटविक एक्स्प्रेस सोडून साधी गाडी पकडा.

पाऊल 3: कार्ड टेकवण्याची शिस्त

मेट्रो आणि रेल्वेत चढताना एकदा आणि उतरल्यावर एकदा कार्ड टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून घेतच नाहीत, ड्रायव्हरला नोटा दाखवून उपयोग नाही.

मेट्रोच्या बऱ्याच स्टेशनांवर गेट असतं, त्यामुळे विसरणं कठीण. डीएलआर या छोट्या रेल्वेच्या अनेक स्टेशनांवर मात्र गेटच नाही, नुसता खांबावर रीडर असतो. घाईत माणूस त्याच्या शेजारून सरळ बाहेर पडतो. यंत्रणेला तुम्ही कुठे उतरलात हे कळत नाही, आणि ती त्या मार्गावरचं जास्तीत जास्त भाडं कापते. असं झालं की खात्यावर नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट रक्कम दिसते. टीएफएल म्हणजे लंडनची वाहतूक संस्था. तिच्या संकेतस्थळावर कार्डाची नोंदणी केली असेल तर तिथे अपुरा प्रवास दिसतो आणि पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात कार्ड तिथे नोंदवा, आणि महिनाभर तरी रोज रात्री एक नजर टाका.

दुसरी गोम मोबाइलची. सकाळी कार्ड टेकवलं आणि उतरताना मोबाइल टेकवला, तर दोन्हींमागे एकच बँक खातं असलं तरी यंत्रणेच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं आहेत. तिला दोन अपुरे प्रवास दिसतात, भुर्दंड दोन्हींवर. एक वस्तू ठरवा आणि तीच वापरा. पाकिटात दोन कार्डं एकत्र ठेवून आख्खं पाकीट टेकवू नका, रीडर भलतंच कार्ड वाचतो.

स्टेशनाच्या आत मित्राची वाट बघत ताटकळू नका. प्रवासाला वेळेची मर्यादा असते. ती ओलांडली की एका प्रवासाचे दोन अपुरे प्रवास होतात.

आणि कार्ड न टेकवता सापडलात, तर दंड 100 पौंड. 21 दिवसांत भरला तर निम्मा. नवीन आहे, माहीत नव्हतं, ही सबब तपासनीस रोज ऐकतात.

पाऊल 4: घड्याळ

मेट्रोचं भाडं दोन प्रकारचं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते संध्याकाळी सात ही गर्दीची वेळ. बाकी सगळा वेळ, शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या स्वस्त. झोन 1 ते 3 साठी गर्दीत 3.80, एरवी 3.10.

कुठली वेळ धरायची? चढताना कार्ड टेकवलं ती. उतरायला कितीही वाजोत. ईस्ट हॅमहून युस्टन स्क्वेअरला हॅमरस्मिथ अँड सिटी लाइनची थेट गाडी आहे, साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांची. दहाचा तास असेल तर नऊच्या सुमारास निघणं भाग आहे, महाग भाडं टळत नाही. अकराचा तास असेल तर नऊ एकतीसला कार्ड टेकवून स्वस्तात वेळेवर पोचता येतं. सकाळी साडेनऊच्या आधी लंडनच्या स्टेशनांवर गेटबाहेर रेंगाळणारे दिसतील, त्यांच्या हातात उगाच मोबाइल नसतो. घड्याळ बघत असतात.

संध्याकाळी उलट. साडेचारला तास सुटला आणि तसेच धावत स्टेशनावर गेलात तर 3.80. वाचनालयात बसून सात वाजून गेल्यावर निघालात तर 3.10, आणि गाडीत बसायला जागाही मिळते.

पाऊल 5: पास की रोजचं भाडं

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ. ऑयस्टर म्हणजे पैसे किंवा पास भरून गेटवर टेकवायचं टीएफएलचं कार्ड. विद्यार्थ्यांसाठी त्याचंच 18 प्लस स्टुडंट ऑयस्टर नावाचं फोटो असलेलं कार्ड मिळतं. त्यावर आठवड्याचा, महिन्याचा किंवा त्याहून लांब मुदतीचा पास, म्हणजे ट्रॅव्हलकार्ड, 30 टक्के सवलतीत भरता येतं. बसच्या पासालाही तीच सवलत. पण त्याच कार्डावर नुसते पैसे भरून एकेक फेरी केलीत, तर विद्यार्थी म्हणून एक पेनीही सुटत नाही. हे बहुतेकांना पहिल्या महिन्याचा हिशोब बघितल्यावर कळतं.

झोन 1 ते 3 चा महिन्याचा पास 201.60 पौंड, विद्यार्थी सवलतीत 141.10. ऐकायला साठ पौंड वाचले. आता बहिणीच्या पहिल्या सत्राचा आठवडा बघा.

सोमवारी दहाचा तास, संध्याकाळी सहाला परत: दोन्ही फेऱ्या गर्दीच्या, 7.60. मंगळवारी अकराचा तास आणि रात्री आठपर्यंत वाचनालय: दोन्ही स्वस्त, 6.20. गुरुवारी सकाळी स्वस्त, साडेचारला परत येताना महाग: 6.90. बुधवार-शुक्रवार घरीच अभ्यास. शनिवारी स्ट्रॅटफर्डच्या एका दुकानात अर्धवेळ काम, तिथे बसने जाऊन येऊन 3.50. आठवड्याची बेरीज 24.20. महिन्याला सव्वाचार-साडेचार आठवडे धरले तरी 103 ते 109 पौंड. सवलतीच्या पासापेक्षा बत्तीस पौंडांहून जास्त कमी. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पास नाही काढला?" तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

दुसऱ्या सत्रात प्रकल्प सुरू झाला. पाचही दिवस दहाच्या आत प्रयोगशाळेत, पाच-सहाला परत, शनिवारचं काम आहेच. आता आठवडा 38 अधिक 3.50, म्हणजे 41.50. महिन्याला 175 च्या वर. इथे 141.10 चा पास निर्विवाद बरा. वर शनिवारची बसही त्यात येते, कारण कुठल्याही झोनचं ट्रॅव्हलकार्ड लंडनच्या सगळ्या लाल बसमध्ये चालतं.

तुमच्यासाठी सूत्र सोपं आहे. पासाच्या किमतीला तुमच्या एका दिवसाच्या खर्चाने भागा. 141.10 भागिले 7.60 म्हणजे साडेअठरा. महिन्यात एकोणीस किंवा जास्त दिवस दोन्ही फेऱ्या गर्दीत होत असतील तर पास घ्या. तुमच्या फेऱ्या स्वस्त वेळेतल्या असतील तर 141.10 भागिले 6.20, म्हणजे तेवीस दिवस. तेवीस दिवस कॉलेजला जाणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

मधला मार्ग आठवड्याच्या पासाचा. तो विद्यार्थ्याला 36-37 पौंडांना पडतो आणि कुठल्याही वारापासून सुरू करता येतो. परीक्षेचा किंवा प्रकल्प सादर करण्याचा एखादाच धावपळीचा आठवडा असेल, तर तेवढ्यापुरता घ्यावा. महिन्याचा पास सुट्टीच्या तोंडावर कधीही घेऊ नका. तो मध्येच परत करता येतो, पण उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात.

पास न काढणाऱ्यांना एक संरक्षण आहे, ज्याला तिथे कॅप म्हणतात. झोन 1 ते 3 मध्ये एका दिवसात 10.50 च्या वर आणि सोमवार ते रविवार या आठवड्यात 52.50 च्या वर कापलं जात नाही. पुढच्या फेऱ्या फुकट. ऐकून लोक खूश होतात, पण कॉलेजला जाऊन घरी येणाऱ्या माणसाचे दिवसाला 7.60 होतात. त्याला कॅपचा काही उपयोग नाही. ती कामी येते ती घरचं कोणी भेटायला आलं आणि तुम्ही त्यांना दिवसभर शहर दाखवत फिरलात तेव्हा.

खरी बचत दुसरीकडेच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी सांगत नाही. ब्रिटनच्या रेल्वेचं 16-25 रेलकार्ड वर्षाला 35 पौंडांचं मिळतं. ते घेऊन मेट्रो स्टेशनावरच्या कर्मचाऱ्याकडे जा आणि तुमच्या ऑयस्टर कार्डाला जोडून घ्या. मग स्वस्त वेळेतल्या प्रत्येक फेरीवर एक तृतीयांश सूट मिळते: 3.10 चे सुमारे 2.05. गर्दीच्या वेळी सूट नाही, बसला नाही, आणि बँकेच्या कार्डाला ते जोडता येत नाही. ऑयस्टरच हवं, साधं असलं तरी चालतं. बहिणीच्या पहिल्या सत्रात आठवड्याला तीन फेऱ्या स्वस्त वेळेत होत्या, म्हणजे तीन पौंडांची बचत. अकरा-बारा आठवड्यांत रेलकार्डाची किंमत वसूल झाली. शिवाय एडिंबरा नाहीतर मँचेस्टरला एकदा जाऊन आलात की लांबच्या तिकिटावरही तीच सूट.

पाऊल 6: स्टुडंट ऑयस्टर मागवणं

हिशोबाने पास परवडतो असं दिसलं, तरच हे करा. कार्डाचं वेगळं शुल्क आहे आणि ते परत मिळत नाही. टीएफएलच्या संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज करायचा. लागतं काय, तर फोटो, कॉलेजने दिलेला विद्यार्थी क्रमांक, अभ्यासक्रमाच्या तारखा आणि लंडनमधला पत्ता. कॉलेज त्या योजनेत सामील असावं लागतं, आणि अर्ज कॉलेजकडून ऑनलाइन पडताळला जातो. म्हणून नावनोंदणी पुरी होण्याआधी अर्ज केलात तर तो अडकून पडतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालण्याची पद्धत आहे, आणि कॉलेजच्या नोंदीत ते एकीकडे असतं, दुसरीकडे नसतं. दोन्हीकडे एकच ठेवा. कार्ड टपालाने येतं. दोन आठवडे धरून चाला आणि तोवर बँकेच्या कार्डावर फिरा.

कार्डावर पास भरला तरी वर दहा-वीस पौंड सुटे ठेवा. झोन 1 ते 3 चा पास असताना आईला आणायला झोन 6 मधल्या हीथ्रोला गेलात, तर फक्त बाहेरच्या झोनांचं भाडं त्या शिल्लकीतून आपोआप कापलं जातं. वेगळं तिकीट लागत नाही.

बसने कॉलेज

पैशांची फारच ओढाताण असेल तर हाही मार्ग आहे. ईस्ट हॅमहून 115 नंबरची बस ऑल्डगेटला जाते, तिथून 205 युस्टनकडे. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून एका तासाच्या आत दुसरी बस पकडली तर तिचं भाडं लागत नाही. कितीही बस बदला, तास सुरू असेपर्यंत 1.75 तेच. जाऊन येऊन 3.50, आणि दिवसभर बसनेच फिरलात तरी 5.25 च्या वर कापत नाहीत. किंमत वेळेत मोजावी लागते. मेट्रोच्या दुप्पट वेळ धरा, आणि ट्रॅफिक असेल तर पहिल्याच बसमध्ये तास संपतो. थंडीत वरच्या मजल्यावर काचेजवळ बसून वाचत जायला मला आवडायचं. पण नऊच्या तासाला ही चैन नको.

पाऊल 7: रात्री परतणं

डिचोलीच्या स्टँडवर रात्री उशिरा बस मिळेल अशी आशा कोणी धरत नाही. कोणाचा तरी भाऊ स्कूटर घेऊन येतो. लंडनमध्ये रात्रभर गाडी मिळते, पण दिवसाची नाही. कुठली आणि कुठून, हे आधी माहीत हवं.

एरवी मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, रविवारी थोडी आधी. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री पाच लाइन रात्रभर चालतात: व्हिक्टोरिया, ज्युबिली, सेंट्रल, नॉर्दर्न आणि पिकॅडिली. शेवटच्या तीन काही फाट्यांवर चालत नाहीत. बहिणीच्या दोन्ही लाइन, डिस्ट्रिक्ट आणि हॅमरस्मिथ अँड सिटी, या यादीत नाहीत. "लंडनची मेट्रो वीकेंडला रात्रभर असते" एवढं ऐकून ती पार्टीला थांबली असती, तर तिला स्टेशनाचं शटर बंद दिसलं असतं. खोली घेण्याआधी तुमची लाइन या पाचांत आहे का ते बघा. नसेल तर पर्याय शोधून ठेवा.

तिचा पर्याय N15 ही बस. ती रात्री मध्य लंडनमधून, ट्रफाल्गर स्क्वेअर आणि ऑल्डगेट करत, पूर्वेला ईस्ट हॅमवरून पुढे जाते. भाडं तेच 1.75, रात्रीचं म्हणून जादा नाही. आठवड्याच्या सगळ्या रात्री असते. नंबराआधी N असलेल्या बस फक्त रात्री धावतात, आणि दिवसाच्या त्याच नंबराच्या बसपेक्षा त्यांचा मार्ग बऱ्याचदा वेगळा किंवा लांब असतो. दिवसाची 15 कुठे जाते यावरून N15 चा अंदाज बांधू नका. N नसलेल्या काही बस चोवीस तास असतात. थांब्यावरच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं. ट्रफाल्गर स्क्वेअर हे रात्रीच्या बसचं मोठं ठिकाण, पण तिथे थांबे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला अक्षर दिलेलं असतं. तुमची बस कुठल्या अक्षराच्या थांब्यावर येते ते `TfL Go` या ॲपमध्ये दिसतं. ते उजेडात, निवांतपणी एकदा बघून ठेवा.

वारांचाही घोळ होतो. शुक्रवारची रात्र म्हणजे प्रत्यक्षात शनिवारचे पहाटेचे तास. गुरुवारी रात्री पार्टी करून शुक्रवार उजाडला म्हणून एक वाजता मेट्रो शोधायला गेलात तर ती नसते. भाड्याचा दिवसही मध्यरात्री बदलत नाही, पहाटे साडेचारला बदलतो. रात्री दोनची फेरी आदल्या दिवसाच्या कॅपमध्ये धरली जाते, आणि रात्रीच्या मेट्रोला भाडं स्वस्त वेळेचं.

रात्री एकट्याने येताना बसमध्ये खालच्या मजल्यावर, ड्रायव्हरजवळ बसावं. उतरल्यावर चालायचा रस्ता दिवसा एकदा पायाखालून घालावा. नाइट बसमधून तुमचा थांबा ओळखता येत नसेल तर आत पुकारा होतो, पडद्यावर नावही येतं. कान उघडे ठेवा, इअरफोन काढा.

आता नाताळ. गोव्यात 24 ची रात्र रस्त्यावर जागी असते, त्यामुळे आपल्या मुलांना हे खरं वाटत नाही: 25 डिसेंबरला लंडनमध्ये मेट्रो, रेल्वे, बस, काहीही चालत नाही. 24 ला संध्याकाळपासूनच गाड्या आवरत्या घेतात. त्या रात्री चर्चमध्ये मासला किंवा मित्रांकडे जायचं असेल तर परतीची शेवटची गाडी आधी शोधा, नाहीतर तिथेच झोपायची सोय करा. पंचवीसला कामावर बोलावणारा मालक असेल, तर कसं यायचं हे त्यालाच विचारा. टॅक्सीचे दर त्या दिवशी चढे असतात. 26 ला गाड्या पुन्हा सुरू होतात, पण नेहमीपेक्षा कमी.